पिशवी लावून पहिल्यांदा बाहेरगावी: अण्णांच्या एका दिवसाची तयारी, क्रमाने

माझे वडील अण्णा पहिल्यांदा घराबाहेर पडले ते आतड्याच्या ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात, आणि साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरूनच आम्हाला रिक्षा परत फिरवावी लागली. निघायच्या अर्धा तास आधी मी घाईघाईने त्यांच्या पोटावर नवी प्लेट, म्हणजे शौचाची पिशवी जिला अडकवतात ती चिकट चकती, लावली होती. गॅस होऊ नये म्हणून त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. बदलायचं सामान घरीच राहिलं होतं, कारण जायचं होतं जेमतेम दोन किलोमीटरवर. सदऱ्याखाली ओलं लागल्यावर ते काही बोलले नाहीत. हातातलं वर्तमानपत्र फक्त पोटावर धरलं. सदतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस पुढचे तीन आठवडे फाटकाबाहेर गेला नाही.

मग वाईहून फोन आला. माझ्या मामेबहिणीला मुलगी झाली होती आणि बाराव्या दिवशी बारसं होतं. अण्णा म्हणाले, "तुम्ही जाऊन या." आईने विचारलं, "बारा दिवसांत तुम्ही पोरांचा अख्खा अभ्यासक्रम संपवायचात, आणि हे जमणार नाही?" त्या बारा दिवसांत आम्ही काय केलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. नंतर मी आणखी काही घरांत मदतीला गेले, तेव्हा तिथेही आमच्याच चुका दिसल्या: प्लेट ऐन वेळी बदलणं, उपाशी निघणं आणि सामान जवळ न ठेवणं.

हे सगळं कायमच्या कोलोस्टोमीबद्दल आहे. अण्णांचं गुदाशय आणि गुदद्वार काढून मोठ्या आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला, बेंबीच्या खाली आणलेलं आहे. पोटावरच्या या तोंडाला स्टोमा म्हणतात. त्यातून शौच बरंचसं घट्ट येतं.

सावध: तुमच्या माणसाची इलिओस्टोमी असेल, म्हणजे लहान आतडं बाहेर आणलेलं असेल, तर जेवणाचं आणि वेळेचं इथलं गणित लावू नका. तिथे शौच पातळ आणि सतत येतं, शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं. त्यांच्या सूचना वेगळ्या असतात.

## १. आधी सर्जनची परवानगी, मग स्टोमाचं नवं माप

प्रवासाला, पायऱ्या चढायला आणि इतका वेळ बसायला हरकत नाही ना, हे सर्जनना विचारून घ्या. आम्हाला त्यांनी एकच अट घातली: काही उचलायचं नाही. पाण्याची कळशीसुद्धा नाही. पोटाच्या स्नायूंतून आतडं बाहेर आणलेलं असतं, तिथे जोर पडला की स्टोमाच्या बाजूने हर्निया होऊ शकतो.

त्यानंतर माप. बहुतेक घरं चुकतात ती इथेच. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत आकसत जातो. दवाखान्यातून निघताना दिलेलं माप तोवर निरुपयोगी झालेलं असतं. अण्णांचा स्टोमा घरी येताना ३८ बाय ३४ मिलिमीटर होता. मी आठव्या आठवड्यापर्यंत त्याच कागदी नमुन्यावरून ४० मिलिमीटरचं भोक कापत होते. अण्णांनी स्वतः आरसा धरून पुन्हा मोजलं तेव्हा ते ३२ बाय २८ भरलं. म्हणजे चहूबाजूंनी चार ते सहा मिलिमीटर कातडी उघडी राहत होती आणि तिच्यावर शौच बसत होतं. कातडी लाल होऊन पाझरायला लागली, ओल्या कातडीवर प्लेट धरेना, आणि त्याचा परिणाम पोवई नाक्यावर दिसला.

भोक स्टोमापेक्षा साधारण २ ते ३ मिलिमीटर मोठं हवं. ३२ बाय २८ च्या स्टोमाला आम्ही ३४ बाय ३० चं कापतो. त्याहून घट्ट कापलं तर कडा स्टोमाला घासतात.

यात आणखी एक बारकावा आहे, आणि तो आम्हाला अण्णांनी दाखवला. स्टोमा गोल नव्हता, तिरका लंबगोल होता. मी पारदर्शक कागद पोटासमोर धरून आकार काढायचे आणि तो तसाच प्लेटच्या मागच्या कागदावर ठेवून गिरवायचे. एक दिवस त्यांनी कात्री माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "अगं, ही बाजू पोटाला लागणार. म्हणजे आकृती उलटी होणार. आरशातली प्रतिमा!" खरंच होतं. माझा लंबगोल दर वेळी विरुद्ध दिशेला कलत होता. स्टोमा लंबगोल किंवा वेडावाकडा असेल, तर नमुना पालथा घालूनच मागच्या कागदावर गिरवा. नमुन्याच्या एका बाजूला "पोट" आणि दुसऱ्या बाजूला "कागद" असं लिहून ठेवा, म्हणजे घाईत गोंधळ होत नाही.

तपासा: स्टोमा लालसर गुलाबी आणि ओलसर असायला हवा, गालाच्या आतल्या बाजूसारखा. पुसताना थोडं रक्त दिसणं नेहमीचं आहे, आणि त्याला स्पर्शाने दुखत नाही. तो जांभळा किंवा काळा पडला, रक्त थांबत नसेल, किंवा पोट फुगून कळा येतायत, उलट्या होतायत आणि शौच-गॅस दोन्ही बंद आहेत असं झालं, तर सहलीचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब दवाखाना गाठा.

## २. पोटाचं वेळापत्रक ओळखा

कोलोस्टोमीला स्नायूंचा दरवाजा नसतो, त्यामुळे शौच थांबवून धरता येत नाही. ते आपल्या हातात नाही. पण मोठं आतडं बरंच नियमित चालतं, आणि ती वेळ ओळखता येते.

अण्णांनी कपाटातला एक कोरा हजेरीपट काढला. मुलांच्या नावांच्या जागी तास लिहिले: सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत. शौच आलं की "श", गॅस झाला की "ग", आणि खालच्या ओळीत काय खाल्लं ते. आठ दिवसांत चित्र स्पष्ट झालं. सकाळी चहानंतर साडेसहा ते आठच्या दरम्यान एकदा भरपूर, आणि दुपारच्या जेवणानंतर तासाभरात पुन्हा थोडं. मधले तास बहुतेक शांत. जेवण पोटात गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, म्हणून जेवणानंतरची ती वेळ जवळजवळ सगळ्यांच्याच वहीत दिसते.

त्यावरून दिवस बेतला. निघायचं साडेनऊला, सकाळचं काम उरकल्यावर. जेवण साडेबाराला, आणि दीड ते दोनच्या दरम्यान वाईतल्या घरातलं स्वच्छतागृह अण्णांना मोकळं मिळायला हवं. आईने मामींना फोन करून तीन गोष्टी विचारल्या: कमोड आहे का, कडी नीट लागते का, आत पाणी आहे का. संकोच वाटतो, पण हा फोन कराच. तिथे पोचल्यावर पाहुण्यांच्या गर्दीत विचारणं कितीतरी अवघड जातं.

## ३. घरातच रंगीत तालीम

बारशाच्या पाच दिवस आधी अण्णांनी तेच कपडे घातले जे वाईला घालायचे होते, आणि घरातच तीन तास त्या कपड्यांत वावरले: खुर्चीत, सोफ्यावर, जिना चढून उतरून.

पहिल्या तासातच पायजम्याची नाडी नडली. गाठ नेमकी स्टोमाच्या पातळीवर येत होती आणि पिशवीच्या वरच्या भागाला आवळत होती. शौच खाली उतरायला वाट उरली नाही की ते प्लेटच्या कडेला जमतं आणि तिथून गळतं. पँटचा पट्टाही हेच करतो. आईने पायजम्याला रुंद, सैल इलॅस्टिक घातलं आणि ते स्टोमाच्या वर येईल असं उंच ठेवलं. वरून गुडघ्यापर्यंतचा सुती सदरा. पिशवी अजिबात दिसत नव्हती. पँटच घालायची असेल, तर गॅलिस लावून कंबर सैल ठेवता येते.

दुसरी अडचण बसण्याची. गुदद्वाराच्या जागी टाके होते, तिथे अजून दुखायचं. आमच्या शेजाऱ्यांनी मधे भोक असलेली हवेची उशी आणून दिली होती. ती वापरू नका. तिच्यावर बसलं की दोन्ही बाजू ताणल्या जातात आणि शिवलेल्या जागेवर ओढ बसते. साधी, मऊ, सपाट उशी घ्या. मांडी घालून पंगतीत बसण्याचा आग्रह कुणी करेल, त्याला आधीच सांगून ठेवा की खुर्ची लागेल.

तिसरी गोष्ट अण्णांनी मला खूप दिवस सांगितलीच नव्हती. अधूनमधून त्यांना नेहमीच्या जागेने शौचाला लागल्यासारखं वाटायचं. गुदाशय काढल्यानंतर हे अनेकांना जाणवतं, नसांना जुनी आठवण राहते. प्रवासात तसं झालं तर माणूस घाबरून जातो. हे होणार आहे आणि थोड्या वेळात जाणार आहे, हे आधी ठाऊक असलं की पुरतं.

तपासा: तालमीत पिशवी एकदा स्वतः रिकामी करता आली पाहिजे, दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय. वाईत सून किंवा मुलगी आत येणार नाही. जोवर हे जमत नाही, तोवर लांबचा बेत पुढे ढकला.

## ४. प्लेट बदलायची ती आदल्या दिवशी सकाळी

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. निघण्याच्या सकाळी लावलेल्या प्लेटला नीट चिकटायला वेळ मिळालेला नसतो, आणि काही चुकलं असेल तर ते रस्त्यात कळतं. आदल्या दिवशी लावली की चूक घरातच कळते आणि दुरुस्त करायला पूर्ण दिवस हाताशी असतो. बारसं रविवारी होतं, आम्ही शनिवारी सकाळी सहाला बदलली. चहाच्या आधी, कारण रिकाम्या पोटी स्टोमा सर्वांत शांत असतो.

क्रम असा ठेवला.

१) आधी नवी प्लेट कापून, भोकाच्या कडा बोटाने गुळगुळीत करून तयार ठेवा. जुनी काढल्यावर कापायला बसलात, तर नेमकं त्याच वेळी शौच येतं.

२) जुनी प्लेट वरून खाली सोलत या. एका हाताने प्लेट ओढायची नाही, दुसऱ्या हाताने कातडी प्लेटपासून मागे दाबत न्यायची. पिशवी भरलेली असेल तर आधी रिकामी करा.

३) काढलेल्या प्लेटची मागची बाजू उजेडात पाहा. हे जवळजवळ कुणीच करत नाही. भोकाभोवती फुगलेला पांढरट भाग सगळीकडे सारखा आणि अरुंद असेल, तर ठीक. एका बाजूला तो कडेपर्यंत पोचला असेल, तर गळती त्या दिशेने सुरू झालेली आहे. तिकडे पोटाला घडी पडते का, खड्डा आहे का, ते बघा.

४) कोमट पाणी आणि मऊ कापड किंवा गॉज, एवढ्यानेच पुसा. डेटॉल, स्पिरिट, तेलकट किंवा सुगंधी साबण, खोबरेल तेल, टाल्कम पावडर यातलं काहीही नको. आजीच्या काळापासून कातडी लाल झाली की खोबरेल लावायची सवय आहे, पण इथे तेलाचा थर राहिला की प्लेट धरतच नाही.

५) पूर्ण कोरडं करा. घाईत इथेच फसगत होते. आम्ही पंख्याखाली दोन मिनिटं थांबायचो. कातडी पाझरत असेल तेवढ्याच जागी स्टोमा पावडर भुरभुरा आणि जास्तीची झटकून टाका. पावडरचा थर राहिला तरी प्लेट सुटते.

६) पोटाला घडी किंवा खड्डा असेल तिथे पेस्टची बारीक रेघ. पेस्ट हा गोंद नव्हे, खड्डा बुजवायची लांबी आहे. सगळीकडे जाड लावली तर उलट प्लेट सरकते.

७) उभं राहून, पोट सरळ ठेवून प्लेट खालून वर लावा. मग तळहात वर ठेवून दोन मिनिटं थांबा. हाताच्या उबेने तिचा चिकट थर मऊ होऊन कातडीत बसतो. त्यानंतर पिशवी प्लेटच्या रिंगवर बसवा, "टक" आवाज येऊ द्या आणि हळूच खाली ओढून बघा.

तपासा: लावल्यावर तासाभरात आणि झोपण्याआधी, दोनदा विचारा: खाज किंवा जळजळ आहे का? प्लेटखाली खाज येणं हे गळतीचं पहिलं लक्षण आहे, डाग नंतर दिसतो. असेल तर वरून चिकटपट्टी लावून दाबू नका. आत अडकलेलं शौच कातडी खात राहतं. पूर्ण काढून नवी लावा.

## ५. सामान: दोन पूर्ण जोड, आणि मांडीजवळ

अण्णांनी यासाठी जुनी कंपासपेटी नव्हे, माझ्या मुलाची शाळेची निळी डबा-पिशवी निवडली, कारण ती कुणाला औषधांची वाटत नाही. त्यात दोन वेळा सगळं बदलता येईल इतकं होतं: भोक आधीच कापलेल्या दोन प्लेटा, तीन पिशव्या, पिशवीचं तोंड बंद करायची एक जास्तीची क्लिप, सुकं गॉज, पाण्याची छोटी बाटली, हातात मावणारा आरसा, वर्तमानपत्र, काळ्या पिशव्या आणि एक पायजमा. बाळांचे ओले वाइप्स नेऊ नका, त्यातल्या लोशनमुळे प्लेट चिकटत नाही.

कात्री आम्ही नेली नाही. बाहेरच्या बाथरूममध्ये उभ्याने प्लेट कापणं हा चुका करण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

सावध: ही पिशवी डिकीत ठेवू नका आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीतही सोडू नका. एप्रिलच्या उन्हात बंद गाडी इतकी तापते की प्लेटचा चिकट थर पातळ होऊन पसरतो. गाडीतून उतरताना पिशवी माणसाबरोबर उतरली पाहिजे.

## ६. काय खायचं, आणि मुख्य म्हणजे कधी

गॅसच्या भीतीने उपाशी राहणं ही सर्वांत मोठी चूक. रिकामं आतडंही गॅस करतं, आणि मग तो अधिक गुरगुरतो. अण्णांच्या वहीत हेच दिसत होतं: उपासाच्या दिवशी "ग" जास्त.

लोकांना जे कळत नाही ते हे, की गॅस लगेच होत नाही. मटकीची उसळ, हरभऱ्याची डाळ, कोबी, कांदा यांचा गॅस मोठ्या आतड्यातून पिशवीत यायला साधारण सहा ते आठ तास लागतात, प्रत्येकाचं थोडं मागेपुढे. म्हणजे समारंभात त्रास होतो तो बहुतेक समारंभात खाल्लेल्या जेवणाचा नसतो, त्या दिवशीच्या नाश्त्याचा असतो. अण्णांनी वहीत वेळ मोजली तर त्यांचं अंतर सात तासांचं निघालं. सकाळी आठला उसळ खाल्ली असती तर दुपारी तीनला, ऐन पाळण्याच्या गाण्यांत, पिशवी फुगली असती. म्हणून शनिवारी रात्री वरणभात, रविवारी सकाळी उपमा, त्यात कांदा नाही. आणि बारशाच्या जेवणात मसालेभात, मटकीची उसळ, सगळं मनसोक्त. त्याचा गॅस रात्री आठला आला, घरी.

हवा गिळल्याने होणारा गॅस मात्र लवकर येतो. सोडा, स्ट्रॉने पिणं, भराभर बोलत जेवणं, ही त्याची कारणं.

पाणी कमी करू नका. कोलोस्टोमीत पाणी कमी पडलं की शौच खडे होऊन अडतं. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल, तर नेहमीसारखं प्या. आदल्या दिवशी नवा पदार्थ, नवं औषध, नवा चूर्णाचा डोस, काही करून पाहू नका.

## ७. गाडीत

साताऱ्याहून वाई साधारण ३५ किलोमीटर. निघण्याआधी पिशवी रिकामी केली. अण्णा सीटबेल्ट लावायला तयार नव्हते, पिशवीवर दाब येईल म्हणून. बेल्ट लावायचाच. खालचा पट्टा पोटावरून न नेता मांड्यांच्या मुळाशी, कमरेच्या हाडांवरून न्यायचा, आणि स्टोमाच्या खालच्या बाजूला एक लहान नॅपकिन घडी करून ठेवायचा, म्हणजे पट्टा वर सरकत नाही. खोकला किंवा मोठा खड्डा आला की तळहाताने स्टोमाच्या जागेला आधार द्यायचा. मधे भुईंजजवळ आम्ही दहा मिनिटं थांबलो, फक्त उभं राहायला.

## ८. तिथे गेल्यावर

पहिल्या दहा मिनिटांत स्वच्छतागृह बघून घ्या. गरज नसतानाच. अण्णांनी आत जाऊन कडी लावून बघितली, नळ सोडून बघितला, मग बाहेर येऊन खुर्चीत बसले.

पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. अर्धी होईपर्यंत थांबलात तर तिचं वजन प्लेटला खाली ओढायला लागतं. पाऊण वाजता जेवण सुरू झालं आणि पावणेदोनला अण्णांनी सदऱ्यावरून हात फिरवून पाहिला. ते उठले.

कमोडवर बसून, पाय थोडे फाकवून, पिशवीचं तोंड दोन पायांच्या मध्ये धरायचं. आधी पाण्यात टिश्यूचे दोन-तीन तुकडे टाकले की शिंतोडे उडत नाहीत. क्लिप काढण्याआधी तोंड वर उचलून धरा, मग हळूच खाली सोडा. बोटांनी वरून खाली निपटून काढा. शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरचा भाग आतून-बाहेरून नीट पुसा. बाकी पिशवी धुवायची गरज नाही, पण हे तोंड अर्धवट पुसलं गेलं तर वास येतो तो तिथूनच. बंद पिशवीला वास येत नाही. येत असेल तर एकतर तोंड अस्वच्छ आहे किंवा प्लेट गळते आहे.

फक्त भारतीय पद्धतीचा संडास असेल आणि उकिडवं बसता येत नसेल, तर भांड्यासमोर प्लास्टिकचं बुटकं स्टूल ठेवून त्यावर बसा. दुसरा उपाय म्हणजे दोन भागांच्या पिशवीत भरलेली पिशवी रिंगवरून काढायची, वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घट्ट बांधायची आणि दुसरी लावायची. पिशवी भांड्यात टाकून पाणी सोडू नका, संडास तुंबतो.

गॅसने पिशवी फुगली तर संडासात जाऊन रिंगचा वरचा कोपरा थोडा उघडून हवा सोडून द्या आणि पुन्हा "टक" करून बंद करा. सुईने भोक पाडू नका. वास तिथूनच बाहेर येत राहील.

गॅसचा आवाज थांबवता येत नाही. सदऱ्यावरून स्टोमावर तळहात किंवा कोपराचा भाग हलकेच दाबला की तो बराच दबतो. अण्णा हाताची घडी घालून बसायचे, वर्गात पर्यवेक्षणाला बसल्यासारखे. त्यामुळे कुणाला काही वेगळं दिसलंच नाही.

बाळ मांडीवर द्यायची वेळ आली तेव्हा आई घाबरली. अण्णांनी बाळाला उजव्या हाताच्या कोपरावर घेतलं, पाय उजवीकडे बाहेर. स्टोमा डावीकडे आहे, लाथ बसली तरी तिथे बसणार नाही. हे त्यांनी घरी उशी घेऊन करून पाहिलं होतं, मला नंतर कळलं.

लोक विचारणारच. एक वाक्य तयार ठेवा आणि ते माणसाने स्वतः म्हणायचं, घरच्यांनी नाही. मामींच्या शेजारणीने विचारलं, "अण्णा, बारीक झालात, पोटाचं काय झालं?" मी तोंड उघडण्याआधी ते म्हणाले, "आतड्याचं ऑपरेशन झालं. आता शौच पोटावरच्या पिशवीत होतं. बाकी सगळं खातो." त्या "बरं झालं" म्हणाल्या आणि त्यांनी उसळ वाढली.

## ९. गळती झालीच तर

अण्णांना त्या दिवशी याची गरज पडली नाही, पण क्रम पाठ होता. खाज किंवा ओल जाणवली की निळी पिशवी घेऊन सरळ आत जायचं, आधी कुणाला समजावत बसायचं नाही. क्रम चौथ्या टप्प्यातलाच, फक्त पंख्याऐवजी सुकं गॉज दाबून धरून कोरडं करायचं. आत असताना दाराशी घरातलं एकच माणूस उभं राहावं. आमच्याकडे ते काम माझ्या मुलाचं होतं, कारण तो आजोबांना "झालं का?" असं विचारत नाही.

बाहेर लावलेली प्लेट तात्पुरती समजा. घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी, रिकाम्या पोटी, पुन्हा नीट लावा.

## १०. परत आल्यावर

चारला चहा घेऊन अण्णांनी ढोल्या गणपतीच्या घाटावर जायचं ठरवलं. हे आमच्या यादीत नव्हतं. आई म्हणाली, "अहो, पिशवी लावून देवळात?" त्यांनी उत्तर दिलं नाही, चपला काढल्या. दर्शन घेऊन कृष्णेकडे सात-आठ पायऱ्या उतरले, कठड्याला धरून, आणि तेवढ्याच पुन्हा चढले. सहा वाजता आम्ही निघालो.

घरी आल्यावर प्लेट चांगली असेल तर उगाच काढू नका. ठरलेल्या दिवशीच बदला. पुन्हा पुन्हा सोलण्यानेही कातडी जाते. आमच्याकडे ती तीन-चार दिवस टिकते, उन्हाळ्यात घामामुळे तीनच.

मंगळवारी सकाळी अण्णांनी स्वतः प्लेट काढली आणि खिडकीशी नेऊन पाहिली. खालच्या बाजूला फुगलेला पांढरट पट्टा जवळपास कडेपर्यंत गेलेला होता, बाकी तिन्ही बाजू स्वच्छ. आम्ही बसलेल्या अवस्थेत पोट तपासलं. खुर्चीत पुढे झुकून बसलं की स्टोमाच्या खाली एक आडवी घडी पडत होती, उभं राहिल्यावर ती दिसायची नाही. स्टोमा नर्सना विचारलं, त्यांनी त्या जागी पेस्टची एक आडवी रेघ वाढवायला सांगितली, आणि प्लेट लावण्याआधी एकदा बसून, एकदा आडवं होऊन पोट पाहायला सांगितलं.

अण्णांनी नमुन्याच्या कागदावर त्या घडीची जागा पेन्सिलने आखली, बाजूला तारीख टाकली, आणि हजेरीपटात रविवारच्या रकान्याखाली लिहिलं: वाई, नऊ तास, एकदा रिकामी, गळती नाही, खाली ६ वाजण्याच्या दिशेला पेस्ट कमी.